साखर न घातलेला खजूर-बार

अन्नलेबलच्या नियमांवरील परीक्षेत असा प्रश्न येऊ शकतो: एका बारवर ठळक लिहिले आहे, ‘साखरमुक्त, साखर न घातलेला’. घटक आहेत खजुराची पेस्ट, ओट्स आणि शेंगदाणे. पोषणतक्त्यात 100 ग्रॅममागे एकूण साखर 38 ग्रॅम, घातलेली साखर शून्य. कोणता दावा चालेल?

पहिला सरळ बाद होतो. भारतीय नियमांनुसार ‘साखरमुक्त’ म्हणायला 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

दुसऱ्यावर मात्र अनेक जण फसतात. तक्त्यातला शून्य पाहून ते ‘योग्य’ वर खूण करतात. पण 2018 च्या जाहिरात व दावे नियमांत साखर न टाकणे ही फक्त पहिली अट आहे. जॅमसारखा आधीच साखर असलेला घटकही नको, आणि साखरेच्या जागी गोडी आणणारा, उदाहरणार्थ सुकवलेल्या फळांची पेस्ट, तोही नको. खजुराची पेस्ट इथे तेच काम करते. म्हणून हा दावाही गैरलागू. प्रश्न रचणाऱ्याने सापळा छान लावला आहे, हे मानायला हवे!

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. त्यामुळे पेस्ट पहिली दिसली, की संशय तिथूनच घ्यायचा. शेंगदाण्याचे नाव यादीत असले तरी ऍलर्जीसाठी ‘यात शेंगदाणे आहेत’ असे वेगळे लिहावेच लागते. उत्तरपत्रिकेत हे सहसा राहून जाते.