पाव विटेसारखा का होतो?

घरचा गव्हाचा पाव घट्ट, कोरडा झाला की दोष यीस्टला दिला जातो. खरी चूक बहुधा पाण्यात असते. पोळीच्या सवयीने आपण अर्धा किलो कणकेत पावणेतीनशे मिली पाणी घालतो. कोंडा त्यातलं बरंच सावकाश पितो, मग ग्लुटेनचं जाळं ताणायला पाणी उरत नाही आणि वायूला फुगायला जागा मिळत नाही. त्याच कणकेला साडेतीनशे ते पावणेचारशे मिली द्या. गोळा हाताला चिकटेल. पिठी भुरभुरवायचा मोह मात्र टाळा, नाहीतर पुन्हा तेच. अर्धा तास झाकून ठेवा, मग दहा-बारा मिनिटं मळा. चिमूटभर कणीक ताणल्यावर लगेच तुटली, तर अजून मळायला हवी. पातळ पापुद्रा धरला, तर झालं.