बाळाचं पोट भरतंय का?

थोरल्या जावेला पहिल्यापासून भरपूर दूध आलं. धाकटीचं बाळ मात्र सतत रडायचं. ‘माझं सहज निभावलं, तुझं वेगळं असू शकतं, त्यात तुझी चूक नाही,’ असं म्हणून थोरलीने ओले लंगोट मोजायला घेतले.

नुसत्या रडण्यावरून दूध कमी पडतंय असं ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर बाळाने २४ तासांत किमान ६ वेळा शू करावी. जन्मानंतर घटलेलं वजन साधारण २ आठवड्यांत भरून यावं.

इथे ३च लंगोट ओले झाले. डॉक्टरांनी पाहिलं, तर बाळ फक्त स्तनाग्र चोखत होतं. भोवतालचा काळसर भागही तोंडात जाऊ लागल्यावर दूध नीट ओढलं गेलं. वजन सावरेपर्यंत पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्याने दिलं.

लंगोट कमी ओले होत असतील किंवा बाळ सुस्त वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.