पगारातली न समजलेली कपात आणि एचआरला लिहायचे पत्र

पगारातून न सांगता झालेली कपात आणि थकलेला इन्सेंटिव्ह, या दोन तक्रारी कर्मचारी बहुधा एकाच पत्रात आणि एकाच सुरात मांडतात. दोन्हीत पैसे कमी मिळालेले असतात, पण त्या वेगळ्या पायावर उभ्या असतात. कपात का केली हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. इन्सेंटिव्ह आपल्याला लागू होतो, हे मात्र आधी कर्मचाऱ्याला दाखवावे लागते. पत्र एकच असले तरी त्यात हे दोन भाग वेगळे ठेवावेत.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका कंपनीच्या विक्री विभागातला कर्मचारी घेऊ. त्याचा एकूण पगार ३२,००० रुपये आणि मूळ वेतन १६,००० रुपये आहे. पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, व्यवसाय कर २०० रुपये. हातात ३०,००० रुपये यायला हवेत. जुलै आणि ऑगस्टमध्ये मात्र खात्यात २७,६५० रुपयेच जमा झाले. पगाराच्या स्लिपवर 'इतर कपात – २,३५०' एवढेच लिहिलेले आहे.

पत्र लिहिण्याआधी त्याने आपली बाजू तपासून घ्यावी. हजेरीच्या नोंदीत बिनपगारी रजा पडली आहे का, पूर्वी उचल घेतली होती का, कुटुंबाच्या विम्याच्या हप्त्याला संमती दिली होती का, हे पाहावे. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो आणि कामगार कल्याण निधीची छोटी रक्कम जून व डिसेंबरमध्ये जाते, त्यामुळे त्या महिन्यांतला किरकोळ फरक ही चूक नसते. इथे मात्र दोन्ही महिने तीच रक्कम, तीही कारणाशिवाय गेली आहे. बिनपगारी रजेची कपात असती तर ती दिवसांच्या हिशेबाने बदलली असती आणि स्लिपवर हजर दिवस कमी दिसले असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत कोणत्या कारणांसाठी पगार कापता येतो हे ठरवून दिले आहे. नुसते 'इतर' हे त्यातले कारण नाही. दंड करायचा असेल तर आधी कर्मचाऱ्याला म्हणणे मांडू द्यावे लागते आणि दंडाची रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. नुकसानभरपाई कापण्याआधीही त्याचे ऐकून घ्यावे लागते.

इन्सेंटिव्हला इतका सरळ आधार नाही. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेले आहे. त्यामुळे नेमणूकपत्र, टार्गेटचे पत्र आणि योजनेचे नियम यांवरच बहुतेक भिस्त असते. या कर्मचाऱ्याचे एप्रिल ते जूनचे टार्गेट १२ लाखांचे होते आणि विक्री १३.५ लाखांची झाली. योजनेप्रमाणे टार्गेट पूर्ण झाल्यास विक्रीच्या एक टक्का, म्हणजे १३,५०० रुपये, ऑगस्टच्या पगारासोबत मिळायचे होते. वाद बहुधा नियमातल्या दोन अटींवर होतो. विक्री बिल निघाल्यावर धरायची की ग्राहकाचे पैसे आल्यावर, ही पहिली. रक्कम देण्याच्या दिवशी कर्मचारी नोकरीत असावा, ही दुसरी. दुसऱ्या अटीमुळेच नोकरीत असताना लेखी मागणी करणे महत्त्वाचे ठरते. राजीनाम्यानंतर हीच मागणी बरीच कमकुवत होते.

पत्र एका पानात बसते. त्याचा गाभा असा असू शकतो: "जुलै व ऑगस्टच्या वेतनातून 'इतर कपात' या नावाने प्रत्येकी २,३५० रुपये, एकूण ४,७०० रुपये वजा झाले आहेत. या कपातीचे कारण आणि ज्या नियमानुसार वा संमतीनुसार ती झाली त्याची प्रत कृपया द्यावी. तसा आधार नसल्यास रक्कम पुढील वेतनासोबत परत करावी. एप्रिल ते जून तिमाहीचा १३,५०० रुपयांचा इन्सेंटिव्ह ऑगस्टच्या वेतनासोबत देय होता. टार्गेटचे पत्र व विक्रीचा अहवाल सोबत जोडला आहे. तो कधी जमा होईल, किंवा नाकारला असल्यास कोणत्या अटीमुळे, हे दहा दिवसांत लेखी कळवावे."

यात कोणावर आरोप नाही आणि राजीनाम्याची धमकीही नाही. 'माझे पैसे खाल्ले' असे लिहिले की एचआर हिशेब बाजूला ठेवून भाषेवरच उत्तर देते. पत्र ईमेलने पाठवावे. कागदावर दिले तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पाठवलेले पत्र, स्वतःच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचा उतारा यांच्या प्रती घरीही असाव्यात, कारण कंपनीच्या ईमेलचा प्रवेश कधीही बंद होऊ शकतो. तोंडी उत्तर मिळाले तर त्याच दिवशी, "आज झालेल्या बोलण्यानुसार" असे म्हणून ते ईमेलवर नोंदवावे. अर्धे पैसे आले आणि 'काहीही येणे बाकी नाही' अशा मजकुरावर सही मागितली, तर उरलेला हिशेब मिळेपर्यंत ती करू नये.

दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एक स्मरणपत्र द्यावे आणि त्यानंतर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावे. वेतन संहितेखालचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि बेकायदा कपातीच्या दाव्यात पैसे दिले आहेत हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.