अपरात्री फोन लावलाय, पहिलं वाक्य काय बोलायचं?

रात्री दोन वाजता फोन वाजला की उचलणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: कोणाचं काय झालं? 'हॅलो' म्हणेपर्यंत त्या बाईचा जीव माहेरी, नाहीतर नारायणगावला कामाला गेलेल्या लेकाकडे धावलेला असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचं काहीच तिच्या कानात शिरत नाही. म्हणून मी कोण आणि दुखणं कोणाचं, हे दोन्ही पहिल्या वाक्यातच आलं पाहिजे.

आपण मात्र विचारतो, "झोपला होतात का?" दोन वाजता माणूस झोपणारच की! नाहीतर "ओळखलं का?" किंवा "आधी घाबरू नका हं." हे शेवटचं तर सगळ्यांत वाईट, कारण न घाबरलेलाही त्यानं घाबरतो. त्याऐवजी "तुमच्याकडचे सगळे ठीक आहेत, अडचण आमच्या घरी आहे" असं म्हणावं. पण ते खरं असेल तरच.

समजा, रतनवाडीच्या बाजूची एखादी वाडी आहे, आषाढातली रात्र आहे आणि सुनेला कळा सुरू झाल्यात. आशाताईंना फोन लावला. तेव्हा असं बोलावं: "ताई, मी वरच्या वाडीतली, पोलीस पाटलांची भावजय बोलते. आमच्या सुनेला कळा सुरू झाल्यात, पाणी गेलंय. तुम्ही या, गाडी बोलवायचीय." आपलं नावही जोडावं, विशेषतः फोन शेजारणीचा असेल तेव्हा. आपल्याकडे पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, रेंज येते-जाते. फोन मध्येच तुटला तरी एवढ्यावर ताई निघू शकतात. माफी मागत बसलो तर तुटलेल्या फोनमधून त्यांच्या हाती फक्त माफीच राहते. "रात्रीचं उठवलं, ताई" एवढं शेवटी म्हटलं तरी चालतं.

गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं काही मिनिटं जागं झालेलं नसतं. तो "हं, हं" म्हणतो, फोन ठेवतो आणि कूस बदलतो. सकाळी त्याला ते स्वप्नच वाटतं. समोरून नुसतं "हं" येत असेल, तर समजावं की निरोप पोचला नाही. मग विचारावं, "ताई, उठून बसलात ना? मी काय म्हणाले ते एकदा सांगा." त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं की मग फोन ठेवायचा. आणि एक, रात्री मिस्ड कॉल देऊ नये. पूर्ण वाजू द्यावा, उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा लावावा.

जीपवाल्या दादांना फोन करताना वेगळी अडचण असते. मध्यरात्री परक्या बाईचा आवाज आला की त्या घरात नसते प्रश्न उभे राहतात. म्हणून नाव सांगितल्यावर लगेच काम सांगावं: "दादा, सुनेला राजूरच्या दवाखान्यात न्यायचंय, गाडी काढावी लागेल. वहिनींनाही उठवा." वहिनींचा नंबर असेल तर आधी तोच लावलेला बरा.

१०८ला फोन लावताना मात्र हे सगळं बदलतं. तिथला माणूस जागाच असतो, त्याला धीर द्यायचा नसतो. पण तो पुण्यात बसलेला असतो, आपली वाडी त्याला ठाऊक नसते. नुसतं "राजूर" म्हटलं तर राजूर जालना जिल्ह्यातही आहे. म्हणून मोठ्याकडून लहानाकडे यावं: "जिल्हा अहिल्यानगर, तालुका अकोले, भंडारदरा धरणाजवळ, गाव अमुक, वाडी अमुक. बाळंतपणाची बाई आहे, कळा सुरू आहेत." मग शाळा, देऊळ, फाटा अशी गाडीला दिसेल ती खूण सांगावी. पुढं ते विचारतील तेवढंच बोलावं, आणि ते सांगेपर्यंत फोन ठेवू नये. रस्ता वाडीपर्यंत नसेल तर पेशंट कुठपर्यंत आणतो तेही सांगावं, नाहीतर गाडी एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला उभे राहतो.

राहिला सगळ्यांत अवघड फोन. पहाटे लेकीला सांगायचंय की तिचा बाप गेला. इथं "सगळे ठीक आहेत" म्हणता येत नाही. जमलं तर आधी जावयांना किंवा सासूबाईंना लावावा: "मी अमकीची आई बोलते. आमच्याकडे वाईट झालंय. तुम्ही तिच्याजवळ जा, मग मी बोलते." लेकीनंच उचलला तर विचारावं, "बाळा, जवळ कोण आहे? त्यांना फोन दे." "तब्येत जरा जास्त आहे, निघून ये" असं सांगायची आपल्याकडे रीत आहे. एकटी, लांबून निघणारी असेल तर ती रीत आम्हालाही समजते. पण सोबत माणूस असेल तर खरं ते सांगावं, कारण वाटेत ती चार जणांना फोन लावते आणि मग भलत्याच माणसाच्या तोंडून एसटीत बसल्या बसल्या तिला ते कळतं.