काकडी सकाळी, दोडका संध्याकाळी



शाळेसाठी मी मामांकडे राहतो. मामांची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि पुढे लहानशी गॅलरी आहे. खाली काही लावलं की शेळ्या ठेवत नाहीत. म्हणून यंदा जूनमध्ये आम्ही गॅलरीतच तेलाच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून तीन वेल लावले. एक काकडीचा, एक दोडक्याचा आणि एक दुधीचा.

दुधीचं बी आजोबांनी दिलं होतं. होळीला बुध्ये कमरेला वाळलेले दुधी बांधून नाचतात, ते तुम्ही पाहिलेच आहेत. तसले दुधी ज्याला लागतात ते हे बी. आजोबांकडे चारच बिया उरल्या होत्या. त्यातल्या दोन उगवल्या आणि एक रोप गोगलगायीने खाल्लं. म्हणजे राहिला एकच वेल. त्याला एक तरी फळ पिकलं पाहिजे, नाहीतर बी संपलं.

श्रावणात वेलांना फुलं आली आणि फळं गळू लागली. बोटाएवढा कोवळा दुधी दिसायचा, दोन-तीन दिवसांत फुलाकडच्या टोकाने पिवळा पडायचा, मग सुकायचा आणि हात लावला की देठातून सुटायचा. दोडक्याचंही तेच. काकडी मधूनच एखादी धरायची, पण तीही एका टोकाला बारीक आणि वाकडी. मामी म्हणाल्या, नजर लागली. मामा म्हणाले, खत कमी पडलं. शेणखत घातलं. पानं मोठी झाली, गळ मात्र चालूच.

मी गुरुजींना विचारलं. त्यांनी फुलं बघायला सांगितली. या वेलांवर दोन तऱ्हेची फुलं असतात. नर फूल नुसत्या देठावर असतं. त्याच्या मध्ये पिवळी भुकटी असते, ते पराग. मादी फुलाच्या मागे अगोदरपासूनच चिमुकलं फळ असतं. काकडीच्या फुलामागे काकडी, दुधीच्या फुलामागे लव असलेला दुधी. पण ते अजून खरं फळ नव्हे. मादी फुलाच्या मधोमध तीन भागांची चिकट कुक्षी असते. तिला पराग लागले तर आत बिया धरतात आणि फळ वाढतं. नाही लागले तर वेल ते टाकून देतो. सुरुवातीला आठ-दहा दिवस बहुतेक नर फुलंच येतात. ती गळतात हे बरोबरच आहे, त्याची काळजी करू नये.

पराग नेण्याचं काम मधमाश्या आणि पतंग करतात. आमच्या गॅलरीत ते पोचत नव्हते, म्हणून ते मीच करायचं ठरवलं. रीत सोपी आहे. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडायचं. बोटाला मधली भुकटी लागते का ते बघायचं. त्याच्या पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचा. तिन्ही भागांना पराग लागले पाहिजेत. एकाच बाजूला लागले तर बिया एकाच बाजूला धरतात. आमच्या वाकड्या काकड्यांचं कारण बहुधा तेच होतं. एकाच वेलावरचं नर फूल चालतं. पण दोडक्याचे पराग दुधीला चालत नाहीत.

मामी हसून म्हणाल्या, “हा फुलांची लग्नं लावतो!” मी त्यांना गुरुजींनी सांगितलेली गोष्ट सांगितली. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाला बारीक काडीने आणि अंगठ्याने पराग लावायची रीत शोधली. व्हॅनिलाच्या बागांत आजही तशाच हाताने पराग लावतात.

आता माझी चूक सांगतो. मी रोज सकाळी नऊला, शाळेची तयारी झाली की तिन्ही वेलांना पराग लावत असे. काकड्या चांगल्या धरू लागल्या. पण दुधीची चार आणि दोडक्याची तीन फळं गळलीच. गुरुजींनी एवढंच विचारलं, “दुधीचं फूल उमलताना पाहिलंस का रे?” मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी गॅलरीतच अभ्यासाला बसलो. दुपारी दुधीच्या कळ्या मिटलेल्या होत्या. दिवेलागणीच्या सुमारास त्या उघडल्या आणि पांढऱ्या पाकळ्या सपाट पसरल्या. दोडक्याची पिवळी फुलंही संध्याकाळीच उमलली, वासही चांगला येत होता. दुसऱ्या दिवशी नऊला पाहिलं तर दुधीची फुलं मलूल झालेली आणि दोडक्याची मिटलेली. म्हणजे मी रोज शिळ्या फुलांना पराग लावत होतो! काकडीचं फूल सकाळी उमलतं, म्हणून तिचं जमलं. दुधी आणि दोडका रात्रीच्या पतंगांसाठी फुलतात. घोसाळं दोडक्याच्या जवळचं असूनही सकाळी उमलतं, तेव्हा त्याला दोडक्याची वेळ लावू नका.

मग पतंग का येत नव्हते तेही कळलं. धुकं आणि वारा आत येतो म्हणून संध्याकाळी आम्ही गॅलरीची ताडपत्री खाली सोडत होतो. नेमकं फुलं उमलायच्या वेळीच दार बंद!

ताडपत्री तशीच ठेवून मी दिवे लागल्यावर पराग लावू लागलो. दुधीच्या चार मादी फुलांना लावले आणि देठाला लाल दोरा बांधला, म्हणजे ओळखता येतं. चौथ्या दिवशी तीन दुधी अंगठ्यापेक्षा जाड, हिरवेगार आणि तकतकीत दिसले. चौथा पिवळा पडला. त्या रात्री फाटक्या ताडपत्रीतून पाणी त्याच फुलावर गळत होतं. भिजलेले पराग कामाचे राहत नाहीत. आता पावसात मी फुलावर कागदाची टोपी घालतो.

पण सगळीच गळ परागाने थांबत नाही. डब्यात माती थोडी. एका वेलाने चार-पाच दुधी पेलावेत असं होत नाही, तेव्हा धरलेलं फळसुद्धा तो सोडतो. आम्ही एकच दुधी बियाण्याला ठेवला आणि दोन कोवळे असताना भाजीला काढले. दुसरं कारण फळमाशी. गळलेलं फळ चिरून बघा. सालीवर सुई टोचल्यासारखं भोक, त्यावर डिंकासारखा थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी. ते फळ मातीत टाकू नका, अळी मातीत जाऊन तिची पुन्हा माशी होते. धरलेल्या फळाला कागदाची पिशवी बांधली तर माशीला अंडी घालता येत नाहीत.

बियाण्याच्या दुधीसाठी आणखी एक काळजी घेतली. शेजारी लांब दुधीचा वेल आहे. त्याचे पराग पतंगाने आणले तर पुढच्या वर्षी आकार बदलेल. म्हणून त्या दिवशी दुपारीच, पाकळ्यांचं पांढरं टोक दिसणाऱ्या एका नर आणि एका मादी कळीचं तोंड मी दोऱ्याने बांधलं. संध्याकाळी दोन्ही सोडून पराग लावले आणि मादी फूल पुन्हा बांधलं.

तो दुधी आता मोठा झाला आहे. वेलावर भार येऊ नये म्हणून मामांनी त्याला पोत्याची झोळी केली आहे. देठ वाळेपर्यंत आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळेपर्यंत तो काढायचा नाही. आजोबा बाजाराला आले की वर येऊन तो बघतात. तुम्हीही या. फक्त कोवळा आहे का ते बघायला नख लावू नका, तिथून तो कुजतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी