शुक्रवारपासून सोमवारकडे : साप्ताहिक पाठ-आराखड्याचे संपादन

ग्वाल्हेरच्या किला गेट भागात मराठीचा एक सायंवर्ग भरतो. त्यासाठी एका शिक्षिकेने केलेला आठवड्याचा पाठ-आराखडा माझ्याकडे तपासायला आला होता. वर्गात १६ मुले. काहींच्या घरी आजी-आजोबा मराठी बोलतात, उरलेल्यांची रोजची भाषा हिंदी. आठवड्यात ५ तासिका, प्रत्येकी ४५ मिनिटांची. विषय होता सामान्यरूप, म्हणजे नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याच्या रूपात होणारा बदल.

आराखड्यात उद्दिष्टे तीन होती : सामान्यरूप समजेल, किल्ल्याचा इतिहास कळेल, वाचनाची गोडी लागेल. सोमवारी नियम सांगून उतरवून घेणे, मंगळवारी प्रत्येकाचे प्रकट वाचन, बुधवारी किल्ल्याचे चित्र, गुरुवारी किल्ल्याला भेट आणि शुक्रवारी चाचणी. चाचणीत दोन प्रश्न : सामान्यरूपाची व्याख्या लिहा आणि विभक्तीचा तक्ता भरा.

असा आराखडा मी शेवटून वाचतो. उद्दिष्टांची भाषा लवचीक असते, चाचणी मात्र खरे बोलते : आठवडाअखेर मुलाकडून नेमके काय मागितले जाणार, ते तिथे उघड होते. राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ साली उद्दिष्ट, अनुभव आणि मूल्यमापन यांची सांगड घातली. ती सांगड सुटली की काय होते, ते या चाचणीत दिसत होते. घरी ‘झाडावर माकड बसलंय’ असे सहज बोलणारा मुलगा व्याख्या न आल्याने मागे पडला असता, आणि व्याख्या पाठ करून ‘झाडवर’ लिहिणारी मुलगी पुढे गेली असती. या गुणांवरून पुढच्या महिन्याचे गट ठरणार होते. म्हणजे ज्याला सामान्यरूप येते त्याला पुन्हा तेच शिकवले गेले असते आणि जिला गरज आहे ती सुटली असती.

म्हणून पहिली दुरुस्ती उद्दिष्टात. ‘समजेल’ हे क्रियापद तपासता येत नाही. ‘लिहील’, ‘बोलेल’, ‘निवडेल’ ही तपासता येतात. सामान्यरूपाचा सगळा पसारा एका आठवड्यात मावत नाही, तेव्हा हिंदीभाषक मूल नेमके कुठे अडते ते पाहिले. हिंदीत ‘पेड़ पर’ म्हणताना ‘पेड़’ बदलत नाही. म्हणून ‘झाडवर’, ‘घरमध्ये’ अशी रूपे येतात. ‘किले पर’ म्हणताना मात्र ‘किला’चा ‘किले’ होतो. त्याच सवयीने मूल ‘किल्लेवर’ लिहिते. पहिल्या चुकीत बदल होतच नाही, दुसरीत तो हिंदीच्या वळणाने होतो. यावरून दोनच गट निवडले : अकारान्त पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामे (दगड–दगडावर, झाड–झाडावर) आणि आकारान्त पुल्लिंगी नामे (किल्ला–किल्ल्यावर, रस्ता–रस्त्यावर). नवे उद्दिष्ट असे झाले : ‘या दोन गटांतील नामे वापरून विद्यार्थी चित्राचे वर्णन करणारी ६ वाक्ये वहीत न पाहता लिहील, त्यांतील किमान ५ सामान्यरूपे बरोबर असतील.’

दुसरी दुरुस्ती चाचणीत. व्याख्या आणि तक्ता काढले. त्या जागी एक चित्र आणि सहा शब्द दिले : खांब, चौक, मैदान, टांगा, बगीचा, झोपाळा. यांतला एकही शब्द आठवडाभरात शिकवायचा नाही. शिकवलेलेच शब्द विचारले तर पाठांतर मोजले जाते, नियम वापरता येतो की नाही ते कळत नाही. शब्द निवडताना सापळेही टाळावे लागतात. बुरूज–बुरुजावर यात ऱ्हस्व-दीर्घाचा वेगळा नियम शिरतो, ससा–सशाला यात ‘सा’चा ‘शा’ होतो. किला गेटच्या धड्यात ‘दरवाजा’ येणारच. पण त्याचे प्रमाण रूप ‘दरवाजातून’, तिथे ‘ज्या’ होत नाही. हे शब्द बोलण्यात आले तर सांगावेत, चाचणीत ठेवू नयेत. तपासणीचेही तसेच. हिंदीच्या लेखनसवयीने कोणी ‘झाडा वर’ असे तोडून लिहिले तर खूण करावी, गुण कापू नये. जोडून लिहिणे हे या आठवड्याचे उद्दिष्ट नव्हते.

आता कृती. प्रत्येक कृतीपुढे मी एकच प्रश्न लिहितो : ही केल्याने मूल शुक्रवारच्या कामाच्या जवळ जाते का? चित्र काढताना मूल एकही सामान्यरूप वापरत नाही, म्हणून ते गळाले. त्याऐवजी तयार चित्र दाखवून बोलायचे ठरले. किल्ल्याची भेटही काढली. गुजरी महालापासून वरचा चढ उभा आहे. १६ मुलांना घेऊन ४५ मिनिटांत वर जाऊन परत येणे होत नाही, आणि वाटेत भाषेचे काम होत नाही ते वेगळेच. भेट चांगलीच आहे, पण तिला स्वतंत्र सकाळ आणि स्वतंत्र उद्दिष्ट हवे.

वेळेचा हिशेब सर्वांत शेवटी. ४५ मिनिटांच्या तासिकेत स्थिरस्थावर होण्यात ५ आणि आवरण्यात ५ मिनिटे जातात; कामाची उरतात ३५. मंगळवारचे प्रकट वाचन पाहा : १६ मुले, प्रत्येकी २ मिनिटे म्हणजे ३२, आणि पाळी बदलताना अर्धा-अर्धा मिनिट धरला तर आणखी ८. एकूण ४०. तासिका पुरत नाही आणि प्रत्येक मूल ३८ मिनिटे गप्प बसते. त्याऐवजी ८ जोड्या एकाच वेळी १२ मिनिटे बोलल्या तर प्रत्येकाला सुमारे ६ मिनिटे मिळतात. लेखनासाठी मी आधी स्वतः लिहून पाहतो आणि तिप्पट वेळ धरतो. सहा वाक्यांना मला ४ मिनिटे लागली, म्हणून मुलांना १२, आणि चित्र पाहून विचार करायला ६. शिक्षिकेचा वेळही मोजावा : ९६ वाक्ये तपासायची आहेत.

दुरुस्त आठवडा असा : सोमवारी हिंदी-मराठी जोड्या ऐकून दोन गटांत लावणे, मंगळवारी चित्रावर जोडीने बोलणे, बुधवारी ‘झाडवर’, ‘किल्लेवर’ यांसारखी रूपे दुरुस्त करणे आणि शेवटी ३ वाक्ये लिहिणे, शुक्रवारी चाचणी. गुरुवारची निम्मी तासिका मुद्दाम रिकामी ठेवली. बुधवारच्या तीन वाक्यांत जी चूक जास्त दिसेल तिच्यासाठी ती आहे. ‘झाडवर’ जास्त असेल तर बदल होतो हेच पुन्हा ऐकवावे लागते; ‘किल्लेवर’ जास्त असेल तर बदल होतो हे मुलांना ठाऊक आहे, फक्त ‘या’चा सराव हवा.

याला मर्यादाही आहे. चित्र समोर ठेवून सहा वाक्ये बरोबर लिहिणारे मूल दुसऱ्या दिवशी बोलताना ‘घरमध्ये’ म्हणू शकते. त्यामुळे शिक्षिकेने शुक्रवारच्या निकालावर ‘सामान्यरूप येते’ असे लिहू नये. ‘या दोन गटांची सामान्यरूपे लेखनात येतात’ एवढेच लिहावे, आणि स्त्रीलिंगी नामे (भिंत–भिंतीवर, वाट–वाटेवर) पुढच्या आठवड्याकडे सोपवावीत.