नंतर पोहोचलेली जुनी माहिती

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक किराणा दुकान आहे असे समजू. बिस्किटे, साबण, चहा पुरवणाऱ्या एका डिस्ट्रिब्युटरच्या यादीत हे दुकान ग्राहक क्रमांक 4127 म्हणून नोंदलेले आहे. त्या बीटवरचा सेल्समन सोमवारी सकाळी 8:10 ला भोरमध्ये ॲप उघडतो. दिवसभरात ज्या दुकानांना भेट द्यायची त्यांची माहिती फोनमध्ये उतरवून घेतो आणि निघतो. पुढे रेंज नाही. पण हे ॲप रेंजशिवायही चालते, कारण सगळ्या ग्राहकांची एक प्रत फोनमध्येच साठवलेली असते.

साडेदहा वाजता दुकानदाराचा मुलगा ऑफिसात फोन करून सांगतो की वडिलांचा नंबर बदलला आहे. ऑफिसातली मुलगी नवा नंबर टाकते. मागची दोन बिले थकलेली असल्यामुळे, मालकांच्या सांगण्यावरून, त्याच वेळी उधारीची मर्यादा 15,000 रुपयांवरून 8,000 रुपयांवर आणते. पावणेबारा वाजता सेल्समन दुकानात पोहोचतो. दुकानदार म्हणतो, "दादा, मंगळवारी बाजारात असतो मी. माल गुरुवारी पाठवत जा." सेल्समन डिलिव्हरीचा वार बदलतो आणि सेव्ह करतो. बाकी कशाला हात लावत नाही. संध्याकाळी 6:20 ला भोरजवळ रेंज येते, ॲप आपोआप सिंक होते आणि पडद्यावर हिरवी खूण दिसते.

त्या हिरव्या खुणेबरोबर नवा नंबर गेला आणि उधारीची मर्यादा पुन्हा 15,000 झाली. गुरुवारी टेम्पोवाला फोन लावतो तर नंबर बंद. दुकानदाराने मागवलेला 14,000 रुपयांचा माल ॲपने बिनतक्रार मंजूर केलेला असतो. ऑफिसातल्या मुलीला वाटते, आपण सेव्ह करायचे विसरलो असू. ती पुन्हा सगळे भरते. रात्रीपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमधली जुनी प्रत येऊन तेही पुसते.

असे घडते कारण सेव्हचे बटण दाबल्यावर ॲपने फक्त बदललेला वार जपून ठेवला नाही. फॉर्मवरचे सगळे रकाने, म्हणजे नाव, पत्ता, फोन, मर्यादा आणि वार, एकत्र बांधून पाठवायच्या रांगेत ठेवले. त्यातला फोन आणि मर्यादा सकाळी 8:10 ची होती. सर्व्हरने दोन वेळा ताडून पाहिल्या: आपल्याकडची नोंद 10:30 ची, आलेली नोंद 11:45 ची. उशिराची वेळ ती नवी, असा त्याचा नियम. त्याने आपली नोंद काढून आलेली नोंद जशीच्या तशी बसवली. वहीतल्या एका ओळीत दुरुस्ती करण्याऐवजी कुणी अख्खे पान फाडून सकाळी काढलेली झेरॉक्स तिथे चिकटवावी, तसे हे झाले.

या नियमाला प्रोग्रामर मंडळी 'लास्ट राइट विन्स' म्हणतात, म्हणजे जो शेवटी लिहील त्याचे खरे. तो लिहायला सोपा असतो आणि ऑफिसच्या वायफायवर चाचणी घेतली तर त्याच्यात खोट सापडत नाही, कारण तिथे माहिती वाचणे आणि परत लिहिणे यांत काही सेकंदच जातात. तेवढ्यात दुसऱ्या कुणी त्याच ग्राहकाला हात लावण्याची शक्यता नगण्य असते. घाटात हे अंतर दहा तासांचे होते. म्हणून हा दोष ॲप विकत घेताना दिसत नाही, वापरायला लागल्यावर दिसतो. आणि दिसतो तोही माणसांच्या चुकीच्या रूपात.

दोष माणसाचा की ॲपचा, हे बदलांच्या इतिहासात स्पष्ट दिसते, अर्थात तो इतिहास ठेवला असेल तर. आपल्या दुकानाचा तो असा दिसेल:

```
10:30  office    phone         A -> B
10:30  office    credit_limit  15000 -> 8000
18:20  salesman  phone         B -> A
18:20  salesman  credit_limit  8000 -> 15000
18:20  salesman  delivery_day  TUE -> THU
```

खालच्या तीन ओळी एकाच मिनिटाच्या आहेत आणि दोन रकाने अगदी पूर्वीच्याच किमतीवर परत गेले आहेत. माणूस चुकतो तेव्हा सहसा नवी, वेगळी चूक करतो. नंबरातला एखादा आकडा चुकेल, एखादे शून्य जास्त पडेल. हुबेहूब जुनी किंमत परत येणे हे जुन्या प्रतीचे काम असते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सेल्समनच्या पडद्यावर उधारीची मर्यादा नुसती दिसते, बदलण्याची सोयच नसते. तरीही इतिहासात ती त्याच्या नावावर वाढलेली आहे. ज्याने फक्त डिलिव्हरीचा वार बदलला, त्याला महिनाअखेरीला "मर्यादा का वाढवलीस?" असे विचारले जाते आणि त्याच्याकडे काहीच उत्तर नसते. अनेक कंपन्यांत तर असा इतिहास नसतोच. प्रत्येक नोंदीला 'शेवटचा बदल कुणी केला, कधी केला' एवढाच शिक्का असतो. तिथे तर त्याला स्वतःचा बचाव करता येईल असा एकही कागद उरत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो वेळा नीट लावण्याचा, आणि तो फसतो. फोनचे घड्याळ तासभर पुढे असेल, तर त्या सेल्समनचा प्रत्येक बदल इतरांवर मात करतो. मागे असेल, तर त्याने खरोखर नंतर केलेला बदलही सर्व्हर जुना म्हणून टाकून देतो. बरे, फोनची वेळ सोडून सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ धरावी, तर शनिवारी केलेला बदल रेंजअभावी सोमवारी संध्याकाळी पोहोचतो आणि सर्वांत नवा ठरतो. लेस्ली लँपोर्ट यांनी 1978 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की वेगवेगळ्या यंत्रांवर घडलेल्या घटनांचा क्रम ठरवताना मुख्य प्रश्न असतो कोणती घटना कोणतीच्या आधारावर घडू शकली हा, घड्याळात किती वाजले हा नव्हे. आपल्या दुकानालाही हेच लागू आहे. सेल्समनने 11:45 ला बदल केला हे खरे, पण ऑफिसने 10:30 ला केलेला बदल त्याने पाहिलेलाच नव्हता. त्याचा बदल ऑफिसच्या बदलानंतरचा नाही. दोघांचे बदल सकाळच्या एकाच प्रतीपासून फुटलेल्या दोन फांद्या आहेत.

म्हणून वेळेऐवजी प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा. सकाळी फोनमध्ये आली ती आवृत्ती 7. ऑफिसने बदल केल्यावर सर्व्हरवर झाली 8. संध्याकाळी फोनने सांगायचे, "मी आवृत्ती 7 पाहून वार बदलला आहे." सर्व्हर लिहिण्यापूर्वी तपासतो:

```sql
UPDATE customers
SET delivery_day = 'THU', version = 8
WHERE id = 4127 AND version = 7;
```

सर्व्हरवर आता आवृत्ती 7 नाहीच. त्यामुळे या आज्ञेने एकही ओळ बदलत नाही, आणि हे उत्तर मिळाले की मध्ये कुणीतरी काही लिहिले आहे हे कळते. आधी काम करू द्यायचे आणि शेवटी आधार बदलला का ते तपासायचे, ही पद्धत कुंग आणि रॉबिन्सन यांनी 1981 मध्ये मांडली. ती नवी नाही आणि महागही नाही. फक्त सुरुवातीलाच विचार करून बसवावी लागते.

टक्कर कळल्यावर पुढचे काम तीन प्रती शेजारी ठेवण्याचे: सकाळची मूळ प्रत, सर्व्हरवरची प्रत आणि फोनमधली प्रत. मूळ प्रतीशी तुलना केली की ऑफिसने फोन आणि मर्यादा बदलली, सेल्समनने वार बदलला, हे आपोआप कळते. दोघांनी वेगवेगळे रकाने बदलले आहेत, तर दोन्ही बदल ठेवायचे आणि आवृत्ती 9 करायची. नंबर नवा, मर्यादा 8,000, वार गुरुवार. कुणालाही काही विचारावे लागत नाही. यासाठी फोनने मूळ प्रत जपून ठेवली पाहिजे, आणि बरीच ॲप्स नेमकी तीच सेव्ह करताना पुसून टाकतात. शिवाय ज्या रकान्यावर सेल्समनचा अधिकार नाही, त्याचा बदल त्याच्या फोनवरून आला तर सर्व्हरने तो घेऊच नये. पडद्यावर बटण लपवले म्हणजे काम झाले, असे समजणे घातक आहे.

दोघांनी एकच रकाना बदलला असेल, तर मात्र धंद्याचा निर्णय लागतो, आणि तो प्रोग्रामरवर सोडू नये. उधारीच्या मर्यादेत ऑफिसचा शब्द अखेरचा. दुकानदाराच्या फोनबाबत दोन्ही नंबर ठेवून माणसाला विचारावे. भेटीच्या टिपणांच्या ओळी एकाखाली एक जोडल्या तर काहीच हरवत नाही.

रकान्यागणिक जोडणीलाही मर्यादा आहे, आणि ती लक्षात ठेवायला हवी. दुकान नव्या मालकाने घेतले म्हणून ऑफिसने जीएसटी क्रमांक बदलला, आणि त्याच दिवशी सेल्समनने जुन्या नावातले एक अक्षर दुरुस्त केले, तर रकाने वेगळे म्हणून दोन्ही बदल मान्य होतील. नोंदीत जुन्या मालकाचे नाव आणि नव्या मालकाचा क्रमांक राहील, आणि बिल चुकीचे निघेल. म्हणून एकमेकांवर अवलंबून असलेले रकाने एका गटात बांधावे लागतात. गटातल्या एकालाही हात लागला तर अख्खा गट बदलला असे धरायचे.

येणे बाकीच्या रकमेचे तर वेगळेच आहे. 5,500 रुपये बाकी असताना सेल्समनने 2,000 वसूल केले आणि फोनने 'बाकी 3,500' असे पाठवले, तर त्याच दिवशी ऑफिसात ऑनलाइन आलेले 1,000 रुपये पुसले जातील. फोनने बाकी पाठवूच नये. '2,000 रुपये मिळाले' ही पावती पाठवावी, तिला स्वतःचा वेगळा क्रमांक असावा आणि बाकी सर्व्हरने पावत्यांवरून काढावी. क्रमांक एवढ्यासाठी की रेंज मध्येच तुटली आणि फोनने तीच पावती पुन्हा पाठवली, तर ती दोनदा धरली जाऊ नये.

ज्या डिस्ट्रिब्युटरला असे ॲप घ्यायचे आहे, त्याने विक्रेत्यासमोरच दोन फोन घ्यावेत. दोन्हींवर एकच ग्राहक उघडावा. एक फोन विमान मोडवर टाकून त्यात पत्ता बदलावा. दुसऱ्यावर रेंज असताना फोन नंबर बदलावा आणि सिंक होऊ द्यावा. मग पहिल्याचा विमान मोड काढावा आणि थोडे थांबून दोन्ही पडदे पाहावेत. नवा पत्ता आणि नवा नंबर दोन्ही टिकले, तर एक फोन एक तास मागे लावून हेच पुन्हा करावे. त्यानंतर दोन्हींवर उधारीची मर्यादा वेगवेगळी टाकून पाहावी आणि विक्रेत्याला विचारावे की हरलेला आकडा आता कुठे वाचायला मिळेल.